सरकीच्या पेंडीचा ट्रंककॉल आणि 'मान्य आहे'ची टिचकी : करार कागदावर असतो की कुठे?

थ्रेड.

दिनांक २२ जुलै १९५९. अहमदाबादेतील एक व्यापारी पेढी आणि विदर्भातल्या खामगावची एक जिनिंग फॅक्टरी व तेलगिरणी यांच्यात लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरून एक सौदा ठरला. माल होता सरकीची पेंड. एका बाजूने प्रस्ताव आला, दुसऱ्या बाजूने होकार गेला आणि फोन खाली ठेवला गेला. कागद नाही, सही नाही, मुद्रांक नाही, साक्षीदारही नाही.

पुढे अहमदाबादच्या पेढीने तक्रार केली की ठरलेली पेंड मिळालीच नाही. तिने अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. हा वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० ऑगस्ट १९६५ रोजी त्याचा निकाल लागला. 'भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास आणि कंपनी' हे त्याचे नाव. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो.

मित्रहो, या खटल्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र निकालपत्रात ठळकपणे लिहिलेली नाही, कारण ती कोणी वादाचा विषयच केली नाही. खामगावकरांना सहज म्हणता आले असते की नुसत्या फोनवरच्या बोलण्याला करार कसला म्हणता, कागद दाखवा. ते तसे म्हणाले नाहीत. उलट करार झाला हे गृहीत धरूनच ते भांडले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की करार खामगावात झाला, तेव्हा दावा खामगावच्या बाजूच्या न्यायालयात चालला पाहिजे. कागदाविना करार होतो की नाही हा प्रश्न १९५९ सालीही जुना झालेला होता. तो सत्त्याऐंशी वर्षांपूर्वीच सुटला होता.

म्हणून आधी १८७२ कडे जाऊ.

इंग्लंडमध्ये १६७७ साली एक कायदा झाला होता. खोट्या साक्षी उभ्या करून लोक कल्पित करारांवर दावे जिंकतात, म्हणून काही प्रकारचे करार लेखी आणि सहीचे असल्याखेरीज न्यायालयाने त्यांची दखल घेऊ नये, असा त्याचा आशय होता. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन इलाखा-शहरांत इंग्रजी कायद्याबरोबर हाही नियम येऊन बसला होता. शहराच्या हद्दीत एक नियम आणि हद्दीबाहेरच्या मुलुखात दुसरा, असा तो काळ.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याच्या शेवटी रद्द झालेल्या कायद्यांचे एक परिशिष्ट होते आणि त्या परिशिष्टात १६७७ च्या त्या कायद्याची महत्त्वाची कलमे होती. परिशिष्टे कोणी वाचत नाही, परंतु इतिहास अनेकदा तेथेच लपलेला असतो. लेखी कागदाची सर्वसाधारण सक्ती हिंदुस्थानात त्या एका ओळीने संपली.

तिच्या जागी काय आले? कलम १०. करार करण्यास पात्र असलेल्या व्यक्तींची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू एवढे असले की करार झाला. यात कागद हा शब्दही नाही. त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद मात्र विसरू नये. एखाद्या अन्य कायद्याने लेखी दस्त, साक्षीदार किंवा नोंदणी मागितली असेल, तर ती मागणी कायम राहील, असे तो सांगतो. म्हणून शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाची स्थावर मिळकत विकायची तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदलेला दस्त लागतोच. मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन लेखी आणि सहीचेच हवे. हे अपवाद आहेत. नियम सरकीच्या पेंडीचा आहे.

आता तुम्ही विचाराल, मग घरोघरी मोठी माणसे 'स्टॅम्पवर लिहून घे' असे का सांगतात?

कारण मुद्रांकाविषयी आपल्या मनात एक घोटाळा रुजला आहे. मुद्रांक हा कर आहे. इंग्लंडात तो १६९४ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी बसला. कंपनी सरकारने बंगालमध्ये तो १७९७ च्या रेग्युलेशनने आणला. त्याआधी या देशात करार होत नव्हते काय? पेशवाईतील कतबे, कर्जरोखे, खरेदीखते दप्तरांत पाहा. ती साध्या हातकागदावर आहेत. खाली लिहिणाऱ्याचे नाव 'बिकलम' म्हणून येते, साक्षीदारांची नावे येतात आणि निरक्षर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते. त्या कागदाची ताकद छापील चित्रात नव्हती. उद्या वाद झाला तर गोतसभेपुढे ही चार माणसे उभी राहून सांगतील, या खात्रीत ती होती.

ब्रिटिश कायद्यानेही मुद्रांकाला कराराचा प्राण मानले नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याचे कलम ३५ नीट वाचले तर दिसते की योग्य शुल्क न भरलेला दस्त पुराव्यात दाखल करून घेता येत नाही. 'दाखल करून घेता येत नाही' आणि 'करारच नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. बुडालेले शुल्क आणि दंड भरला की तोच दस्त पुराव्यात येतो. दाराशी तिकीट मागणाऱ्या रखवालदारासारखे हे कलम आहे. तिकीट नसेल तर तो आत सोडत नाही, पण तुम्ही अस्तित्वातच नाही असे काही तो म्हणत नाही.

हा भेद दिसतो तितका सोपा राहिला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने वेगळा सूर लावला आणि मुद्रांक नसलेल्या दस्तातील लवाद करार कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, असे म्हटले. व्यापारी जगात खळबळ उडाली. १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत खोडले. मुद्रांकाचा अभाव हा दुरुस्त करता येणारा दोष आहे, त्याने करार निरर्थक होत नाही, असे त्यांनी ठरवले. दोनशे वर्षांहून जुन्या कराच्या स्वभावाविषयी इतक्या अलीकडे वाद होऊ शकतो, ही गोष्ट इतिहासप्रेमींनी ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचे किमान शुल्क शंभरावरून पाचशे रुपये झाले, हे तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री करार कायद्यातले एक अक्षरही बदलले नाही. बदलला तो दर.

येथे एक खरा खड्डा आहे, तो दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा एकाने मित्राला दोन लाख रुपये हातउसने दिले आणि मित्राने वहीच्या पानावर लिहून दिले की 'मागताक्षणी ही रक्कम परत देण्याचे वचन देतो', खाली सही. भाषा छान आहे, पण या भाषेने कागदाचे रूप बदलले. बिनशर्त रक्कम देण्याचे सहीचे वचन म्हणजे वचनचिठ्ठी, आणि वचनचिठ्ठीला कलम ३५ मधील माफी नाही. ती लिहिताना मुद्रांक लावलेला नसेल, तर नंतर दंड भरूनही ती पुराव्यात येत नाही. कर्जाचा व्यवहार त्या चिठ्ठीहून निराळ्या पुराव्याने सिद्ध करता आला तर गोष्ट वेगळी, परंतु त्या वाटेवरही कायद्याचे काटे आहेत. याउलट त्याच पानावर 'अमुक तारखेस दोन लाख मिळाले, परतफेड खालील हप्त्यांनी आणि खालील शर्तींवर करण्याचे उभयतांत ठरले' असा दोघांच्या सह्यांचा करार असता, तर कमी मुद्रांकाचा दोष पैसे भरून निघाला असता. साधा कागद चालतो हे खरे, पण त्यावर काय लिहिले आहे यावर तो कसा चालेल हे ठरते. 'साध्या कागदाला अर्थ नाही' असे म्हणणाऱ्यांचे बहुतेक अनुभव या खड्ड्यातले असावेत, असे मला वाटते.

आता पुन्हा खामगावला जाऊ.

वाद स्थळाचा होता. करार जेथे झाला तेथले न्यायालय दावा ऐकू शकते. पण एक माणूस अहमदाबादेत आणि दुसरा खामगावात असताना करार 'झाला' तो कुठे?

पत्रांसाठी उत्तर तयार होते. इंग्लंडात १८१७ साली लोकरीच्या व्यापाऱ्यांनी २ सप्टेंबरला पत्राने माल देऊ केला. पत्त्यातील चुकीमुळे पत्र उशिरा पोचले. ग्राहकाने ५ तारखेला होकार टपालात टाकला. विक्रेते उत्तराची वाट पाहून कंटाळले, त्यांनी ८ तारखेला लोकर दुसऱ्याला विकली आणि ९ तारखेला होकाराचे पत्र येऊन धडकले. न्यायालयाने १८१८ मध्ये ठरवले की होकार टपालात पडला त्या क्षणीच करार पुरा झाला. नाहीतर 'तुमचे पत्र मिळाल्याचे पत्र मिळाले' असे कधीही न संपणारे सत्र सुरू झाले असते. १८७२ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये हाच विचार शब्दांत उतरला आहे. स्वीकृती अशा रीतीने रवाना झाली की ती परत घेणे स्वीकारणाऱ्याच्या हाती उरले नाही, म्हणजे प्रस्ताव देणारा बांधला जातो.

पण हे कलम लिहिले गेले तेव्हा टेलिफोन अस्तित्वातच नव्हता. बेलला त्याचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले. चार वर्षांनी लहान असलेल्या यंत्राला हे कलम कसे लावायचे?

न्या. शहा आणि न्या. वांच्छू यांनी बहुमताने म्हटले की टेलिफोन म्हणजे टपाल नव्हे. दोन्ही माणसे जणू समोरासमोर बोलत असतात. होकार ऐकू आला पाहिजे, तेव्हाच करार होतो. म्हणून जेथे होकार ऐकला गेला ते अहमदाबाद हे कराराचे स्थळ. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५५ मध्ये लंडन आणि अ‍ॅमस्टरडॅममधल्या टेलेक्सवरच्या सौद्याबाबत असाच निर्णय दिला होता. त्याचा आधार त्यांनी घेतला.

तिसरे न्यायमूर्ती होते हिदायतुल्ला. त्यांची कारकीर्द नागपूरला घडली होती. त्यांनी विरोधी मत लिहिले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन नव्हता हे मान्य, परंतु त्यांनी लिहिलेले शब्द आपल्यापुढे आहेत आणि शब्दांना मान दिला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. बोललेला शब्द तारेत शिरला की तो परत घेता येत नाही. म्हणजे खामगावात होकार उच्चारला गेला तेव्हाच तो 'हातचा गेला' आणि करार खामगावात झाला. माझे मन आजही या विरोधी मताकडे झुकते. कलमाचे शब्द त्याच्या बाजूने अधिक सरळ बोलतात. पण कायदा बहुमताचा असतो आणि खामगावकर हरले.

या तात्त्विक वाटणाऱ्या वादाचा व्यवहारातला अर्थ पाहा. पश्चिम विदर्भातल्या गिरणीला साक्षीदार, वह्या आणि वकील घेऊन अहमदाबादच्या फेऱ्या माराव्या लागणार होत्या. करार कुठे झाला, हा प्रश्न म्हणजे प्रवासखर्च कोणाचा, हा प्रश्न.

पुढची पन्नास वर्षे वेगाने ओलांडू. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १३ ने केडिया खटल्यातला गुंताच टाळला. संदेश तुम्ही रेल्वेत बसून पाठवा की डोंगरावरून, तो तुमच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून गेला आणि समोरच्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोचला असे मानायचे, दोघांत वेगळे ठरले नसेल तर. नंतरच्या दुरुस्तीने आलेले कलम १०अ २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. प्रस्ताव, स्वीकृती वा माघार इलेक्ट्रॉनिक रूपात झाली एवढ्याच कारणावरून करार अंमलबजावणीस अयोग्य ठरणार नाही, असे ते सांगते. 'एवढ्याच कारणावरून' हे शब्द महत्त्वाचे. संमती दबावाने घेतली, पक्ष अल्पवयीन होता, ही कारणे शाबूतच आहेत. शिवाय मृत्युपत्रासारखे काही दस्त या कायद्याच्या बाहेर ठेवलेले आहेत. संगणकावर टंकून ठेवलेले मृत्युपत्र म्हणजे मृत्युपत्र नव्हे.

कलम १०अ येऊन तीन महिने होत नाहीत तोच, २२ जानेवारी २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या एका व्यवहारावर निकाल दिला. त्यातली घटना २००७ च्या ऑक्टोबरमधली. दुबईच्या ट्रायमेक्स या कंपनीने वेदांत अ‍ॅल्युमिनियमला ऑस्ट्रेलियातून बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ई-मेलने पाठवला. प्रश्न आले, उत्तरे गेली आणि दुसऱ्या दिवशी पाच जहाजांच्या मालाला होकार देणारी ई-मेल आली. विस्तृत करारनाम्याचा मसुदा नंतर तयार होणार होता. ट्रायमेक्सने होकाराच्या बळावर जहाजाचा करार करून टाकला. मग वेदांतकडून 'जरा थांबा' असा निरोप आला.

वेदांतचा युक्तिवाद असा की अजून कित्येक तपशील ठरायचे होते, सही झालेला करारनामा नाही, तेव्हा करारच नाही. न्या. सदाशिवम यांनी तो फेटाळला. माल, प्रमाण, किंमत, पोचवण्याची आणि पैसे देण्याची रीत हे सारे ई-मेलींतून ठरले होते. ठरलेल्या गोष्टी पुढे सुबक कागदावर उतरवायच्या होत्या एवढ्याने ठरलेले अ-ठरलेले होत नाही. लवाद करार मात्र लेखीच लागतो. पण १९९६ चा लवाद कायदा पत्रे, तारा, टेलेक्स आणि दूरसंचाराच्या अन्य साधनांतून झालेल्या देवाणघेवाणीलाही लेखी मानतो. ई-मेलीतल्या प्रस्तावात लवादाचे कलम होते, ते लागू पडले आणि लवाद नेमला गेला.

मर्यादाही सांगायला हवी. 'आपण नंतर लेखी करार करू, तोपर्यंत कोणी बांधील नाही' असे त्या ई-मेलींत स्पष्ट असते, तर निकाल उलट लागू शकला असता. न्यायालय माध्यम पाहत नाही, दोघांचा बांधून घेण्याचा इरादा पाहते. आणि इरादा सिद्ध करायला पुरावा लागतो. मोबाइलवरच्या संवादाची नुसती छायाप्रत पुढे करून भागत नाही. ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचे प्रमाणपत्र लागते. ही अट १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, तत्पूर्वी ती जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती. नांगराच्या निशाणीची जागा प्रमाणपत्राने घेतली, एवढेच.

आता उरली टिचकी. वाचकांपैकी कोणीही 'मान्य आहे' दाबण्यापूर्वी अटी वाचत नाही. मीही नाही. न वाचलेल्या अटींना संमती कशी म्हणायची?

हा प्रश्न टिचकीहून सव्वाशे वर्षांनी जुना आहे. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकावर एका प्रवाशाने दोन पेन्स देऊन पिशवी सामानघरात ठेवली. त्याला मिळालेल्या चिठ्ठीवर 'मागे पाहा' असे छापले होते. मागे लिहिले होते की दहा पौंडांहून अधिक मोलाच्या वस्तूची जबाबदारी रेल्वेवर नाही. पिशवी हरवली आणि तिचे मोल त्याहून जास्त निघाले. प्रवासी म्हणाला, मी वाचले नाही, ती पावती वाटली. १८७७ मध्ये अपील न्यायालयाने दोघांनाही न पटणारा मधला मार्ग काढला आणि प्रकरण फेरसुनावणीस धाडले. तुम्ही वाचले की नाही, हा प्रश्न नाही. अटी आहेत हे सामान्य माणसाच्या लक्षात येईल इतपत सूचना रेल्वेने दिली होती का, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात याला आणखी एक पदर जोडला. धुलाईच्या दुकानात दिलेली नवी साडी हरवली. पावतीच्या मागे छापले होते की नुकसान झाल्यास किमतीचा थोडासाच भाग मिळेल. सूचना होती, पण न्यायालयाने अटच धुडकावली. अशी अट पाळायची तर दुकानदाराला नव्या साड्या अल्प किमतीत 'हरवून' टाकणे फायद्याचे ठरेल, मग ती लोकहिताच्या विरुद्ध आहे.

आणि मग २००२. नेटस्केप कंपनीचा एक मोफत प्रोग्राम लोकांनी उतरवून घेतला. नंतर तो त्यांच्या हालचालींची माहिती कंपनीकडे पोचवतो, अशी तक्रार करून त्यांतल्या काहींनी न्यू यॉर्कमध्ये दावा लावला. कंपनी म्हणाली, परवान्याच्या अटींत लवादाचे कलम आहे, न्यायालयात येताच येणार नाही. पानावर उतरवण्याचे बटण दिसत होते. अटींचा उल्लेख त्या बटणाच्या खाली होता, पान आणखी सरकवले तरच दिसे आणि तो न पाहताही प्रोग्राम मिळत असे. न्या. सोटोमेयर यांनी लिहिलेल्या निकालात ही संमती नव्हे असे ठरले. लक्षणीय बाब अशी की याच कंपनीच्या ब्राउझरसाठी अटी समोर येत आणि 'होय' दाबल्याविना काम पुढे जात नसे. त्या दुसऱ्या रीतीशी तुलना करूनच न्यायालयाने पहिलीतली उणीव दाखवली. ज्या बटणाने अटी समोर ठेवल्या ते बटण बांधते. ज्याने त्या पडद्याच्या कडेखाली ठेवल्या त्याने कोणाला बांधले नाही. लवादाची मागणी फेटाळली गेली आणि तक्रारदारांचा दावा न्यायालयातच पुढे चालू राहिला.